नुसता 1 घालून बघ

“मॅडम, टीओसीचा गृहपाठ बरोबर आलाय की नाही, हे उत्तर न बघता कसं ओळखायचं?”

स्ट्रिंग घालून बघायच्या, आणि दोन्ही प्रकारच्या: चालायला हव्यात त्याही, अडायला हव्यात त्याही. मुलं बहुतेक वेळा यातला एकच प्रकार तपासतात आणि तिथेच फसतात.

0 आणि 1 च्या अशा स्ट्रिंग हव्यात, ज्यांत 11 कुठेच येत नाही, हे नेहमीचं गणित घ्या. एका मुलीने (0+10)* असं लिहून आणलं होतं. प्रत्येक 1 च्या मागे लगेच 0 ठेवला की दोन 1 शेजारी येणारच नाहीत, हा तिचा विचार मला आवडला. 11, 110, 0110 तिने तपासल्या होत्या आणि तिन्ही अडल्या होत्या. मी म्हटलं, आता नुसता 1 घालून बघ. त्यात 11 नाही, म्हणजे तो चालायलाच हवा. पण तिच्या उत्तरात 1 नंतर 0 यावाच लागतो, त्यामुळे 1 अडला. 01 आणि 101 सुद्धा अडल्या.

तिने लगेच (0+10+1)* केलं. आता या तिन्ही चालल्या, पण 11 सुद्धा चालली, कारण तारा एकटा 1 लागोपाठ दोनदा घेऊ देतो. शेवटी येणारा 1 ताऱ्याच्या बाहेर हवा, आणि तोही असला तर असला:

```
(0+10)*(ε+1)
```

स्ट्रिंग मनाला येतील तशा घेऊ नका. रिकाम्या स्ट्रिंगपासून सुरू करून लांबीच्या क्रमाने सगळ्या लिहा. या गणितात लांबी ० ते ४ साठी चालणाऱ्या स्ट्रिंग अनुक्रमे १, २, ३, ५, ८ निघतात. तिच्या पहिल्या उत्तरात लांबी ३ च्या तीनच निघत होत्या. 001 आणि 101 गळल्या होत्या.

कुठे थांबायचं, याला डीएफएपुरतं पक्कं उत्तर आहे. एका डीएफएत m आणि दुसऱ्यात n स्टेट असतील आणि दोघांच्या भाषा वेगळ्या असतील, तर फरक दाखवणारी एक तरी स्ट्रिंग m+n−2 लांबीच्या आत सापडतेच. इथे बरोबर डीएफएला ३ स्टेट लागतात. तुमच्याही डीएफएत ३ असतील तर लांबी ४ पर्यंतच्या ३१ स्ट्रिंग पुरतात, आणि त्या सगळ्या जुळल्या तर तुमचा डीएफए बरोबरच आहे. मात्र प्रत्येक स्टेटमधून 0 आणि 1 दोन्हींचे बाण निघायला हवेत. 11 आल्यावर जिथे अडकायचं ती ट्रॅप स्टेट काढली नसेल, तर आधी ती काढा आणि मोजणीत धरा.