तुम्ही विचारलंत म्हणून: बापाने खून केला, मग नातवंडांच्या वाट्याचं काय?

"मॅडम, नवऱ्याने सासऱ्यांना मारलं म्हणून त्याला वाटा नाही, हे कळलं. पण माझ्या पोरांनी काय केलंय? आजोबांच्या जमिनीला त्यांचं नाव लागणार की नाही?"

जमीन सासऱ्यांची स्वतःची असेल आणि ते मृत्यूपत्र न करता गेले असतील, तर सुप्रीम कोर्टाचा २००५ चा निकाल बघता नाही लागणार. वडिलोपार्जित असेल तर गोष्ट वेगळी, पण ती शेवटी सांगते, कारण आधी हे 'नाही' कुठून आलं ते कळायला हवं. नुसता कायदा वाचला तर उत्तर उलटंच वाटतं, मीही पहिल्यांदा वाचलं तेव्हा मुलांना मिळणार असंच समजून बसले होते.

हिंदू वारसा कायदा १९५६ चा. त्यातलं कलम २५ म्हणतं की जो खून करतो किंवा खुनाला साथ देतो, त्याला त्या मेलेल्या माणसाची मालमत्ता वारसाने मिळणार नाही. एवढंच नाही, ज्या वारशाचा रस्ता मोकळा करायला खून केला ती मालमत्ताही नाही, म्हणजे बापाचं सगळं आपल्यालाच यावं म्हणून भावाला संपवलं तर बापाच्या इस्टेटीतूनही बाहेर. मग प्रश्न येतो की त्याचा वाटा जातो कुठे, आणि ते सांगतं कलम २७: असा अपात्र माणूस मयताच्या आधीच वारला होता असं समजून वाटणी करायची.

गोची इथेच आहे. समजा आजोबा गेले, आजी आधीच गेलेली, मुलं तीन: थोरला, धाकटा आणि मुलगी. थोरल्याने खून केलाय, त्याला बायको आणि दोन पोरं. एरवी तिघांना एक तृतीयांश. आता कलम २७ शब्दशः घ्या, थोरला बापाच्या आधी वारला असं धरा. पण बापाआधी वारलेल्या मुलाची विधवा आणि मुलं याच कायद्यात पहिल्या वर्गाचे वारस आहेत, त्यांच्या शाखेला मिळून एक वाटा मिळतो. म्हणजे थोरल्याचा एक तृतीयांश त्याची बायको आणि दोन मुलं यांच्यात तीन ठिकाणी, प्रत्येकी नववा हिस्सा. नवरा जेलमध्ये जिवंत आणि बायको कागदावर विधवा! वाचायला विचित्र वाटतं, पण शब्द तसेच आहेत.

सुप्रीम कोर्टापुढे जवळपास हेच आलं होतं. एकुलत्या एका मुलाने बापाचा खून केला होता आणि त्या मुलाच्या बायकोने सासऱ्यांच्या मालमत्तेवर हक्क सांगितला होता. कोर्टाने कलम २७ एकटं वाचलं नाही, त्याच्या मागे जाऊन १९२४ चा प्रिव्ही कौन्सिलचा, म्हणजे इंग्रजांच्या काळातल्या शेवटच्या अपील कोर्टाचा निकाल बघितला, तो आपल्याच मुंबई इलाख्यातला. त्यात म्हटलं होतं की खुन्याला नव्या वंशशाखेचं मूळ धरायचंच नाही, तो अस्तित्वातच नाही असं समजायचं. 'आधी वारला' आणि 'नव्हताच' यात फरक आहे ना, वारलेल्या माणसाला विधवा असते, मुलं असतात, जो नव्हताच त्याला मागे कोणीच नसतं. सुप्रीम कोर्टाने हा दुसरा अर्थ घेतला, मुलगाच पूर्ण बाद म्हणजे त्याच्यामार्फत हक्क सांगणारी बायको-मुलंही बाद. वरच्या उदाहरणात मग धाकटा आणि मुलगी, अर्धं-अर्धं.

यामागे कारण नाही असं नाही. अज्ञान मुलाच्या नावावर जमीन गेली की ती सांभाळणार कोण, उद्या बाप सुटून आला की त्याच बांधावर उभा राहणार. तरी मला हा अर्थ पटत नाही. इंग्लंडमध्ये २००० मध्ये असाच निकाल लागला होता, मुलाने स्वतःच्या आई-वडिलांना मारलं आणि त्याच्या निरपराध पोराला आजी-आजोबांच्या इस्टेटीतून काही मिळालं नाही. तिथे २०११ मध्ये कायदाच बदलला, आता खुनी लगेच आधी वारला असं धरतात आणि नातवंडांना मिळतं. गंमत म्हणजे आपल्या कलम २७ मध्ये जवळपास तेच शब्द १९५६ पासून पडून आहेत.

अजून एक, लोक धरून चालतात की निकाल लागेपर्यंत काही करता येत नाही. कलम २५ मध्ये 'शिक्षा झालेला' असा शब्दच नाही, 'खून करणारा' आहे. दिवाणी कोर्ट ते स्वतःपुरतं ठरवू शकतं आणि तिथे पुराव्याची पट्टी फौजदारीइतकी कडक नसते. पण निष्काळजीपणाने गाडी चालवताना बाप गेला तर तो खून नाही, तिथे हे कलम लावत बसू नका. आणि वारस नोंद बघून घाबरूही नका, तलाठ्याकडे नुसता मृत्यूचा दाखला गेला तर खुन्याचंही नाव सातबाऱ्यावर चढू शकतं. त्यावर हरकत घेता येते, नाव चढलं म्हणून मालकी होत नाही.

आता ते वेगळं उत्तर. ज्या बाईंनी मला हे विचारलं, त्यांना मी एकच उलट विचारलं, जमीन सासऱ्यांनी घेतलेली की त्यांच्या वडिलांकडून आलेली? कारण हे सगळं 'वारसाने मिळणाऱ्या' मालमत्तेबद्दल आहे. खरी वडिलोपार्जित जमीन असेल तर नातवंडांचा हक्क जन्मापासूनचा, तो आजोबांच्या मरणाने किंवा बापामार्फत येतच नाही, मग बापाच्या गुन्ह्याने जाणार कसा? फक्त 'वडिलोपार्जित' हा शब्द आपण बोलतो तितका सैल नाही. १९५६ नंतर बापाकडून वारसाने आलेली जमीन बहुतेक वेळा घेणाऱ्याची स्वतःचीच धरतात. त्याआधी आलेली असेल तर मुद्दा उभा राहतो.

तसं असलं तर त्याच कुटुंबात आधी चार हिस्से पडतात, आजोबांचा आणि तिघा मुलांचा. आजोबांचा पाव हिस्सा धाकटा आणि मुलीत जातो, त्यात थोरल्याकडचं कोणी नाही. पण थोरल्याच्या शाखेचा पाव हिस्सा राहतो आणि त्यात पोरांचा स्वतःचा हक्क.

बाईंना म्हटलं जुने फेरफार काढून आणा. तीन आठवड्यांनी आल्या, पिशवीत नक्कल, घडी पडून पडून मधोमध फाटत आलेली. त्यांना ते जुनं अक्षर लागेना म्हणून मीच वाचून दाखवलं. आजेसासरे मयत, वारस मुलगा, नोंद १९५२ ची. त्या म्हणाल्या, "म्हणजे चार वर्षं आधी." मी म्हटलं हो, आता या मुलांचे जन्मदाखले आणा.