दीडशे रुपयांसाठी अडलेलं एन.ए.

जमीन वीस गुंठे, ठाणे जिल्ह्यातल्या एका महापालिकेच्या हद्दीत. मंजूर विकास आराखड्यात रहिवास विभाग. अशा जागेला महसूल संहितेच्या कलम ४२ ब मुळे जुन्या पद्धतीची बिनशेती, म्हणजे एन.ए., परवानगी घ्यावी लागली नाही (हे २०२३ चं सांगतोय). तेव्हा तहसीलदारांकडे अर्ज करायचा, ते रूपांतर कर आणि बिनशेती आकारणी काढून चलन द्यायचे, आणि भरलेल्या चलनाची पावती हाच वापर बदलल्याचा पुरावा असायचा. सनद मागाहून यायची. झोन दाखला, मोजणी नकाशाची क प्रत, तलाठ्याचा अहवाल, सगळं सुरळीत झालं.

अडलं ते सातबाऱ्यावर. भूधारणा पद्धतीत ‘भोगवटादार वर्ग २’, म्हणजे विक्रीवर सरकारी बंधन असलेली जमीन, आणि इतर हक्कात ‘कु.का.क. ४३ च्या बंधनास पात्र’ अशी एक ओळ. या ओळीवर फाइल परत आली, आणि परत येताना काय आणायचं ते कुणी नीट लिहून दिलं नाही. ‘आधी शर्त काढून आणा’, एवढंच.

ती शर्त म्हणजे काय, तर मूळ मालक कूळ होता. कूळ कायद्याच्या ३२ ग खाली जमिनीची किंमत ठरली, हप्ते फिटल्यावर ३२ म चं प्रमाणपत्र मिळालं, आणि कुळाने जमीन लगेच विकू नये म्हणून कलम ४३ चं बंधन बसलं. २०१४ च्या दुरुस्तीनंतर त्या खरेदीला दहा वर्षं झाली असतील तर विक्रीला पूर्वपरवानगी लागत नाही. शेतसाऱ्याच्या चाळीस पट नजराणा, म्हणजे शर्त काढण्यासाठी सरकारला द्यायची रक्कम, भरायचा. आमच्या सातबाऱ्यावर आकार ३ रुपये ७५ पैसे. चाळीस पट म्हणजे १५० रुपये! वर्ग २ म्हटलं की बाजारभावाच्या टक्क्यांतला नजराणा आठवून माणूस घाबरतो, पण तो वतनासारख्या जमिनींचा हिशेब. म्हणून घाबरण्याआधी इतर हक्कातलं कलम वाचा, नुसतं ‘वर्ग २’ वाचून एजंटाला पैसे मोजू नका.

मग दीडशे रुपये भरायला अडचण काय? दहा वर्षं झाली हे दाखवायला ३२ म चं प्रमाणपत्र लागतं, आणि ते घरात कुणाकडेच नसतं. संगणकीकृत सातबाऱ्यावर फक्त एक फेरफार क्रमांक उरलेला असतो. तिथूनच मागे जायचं. तो फेरफार काढा, त्यात ३२ ग किंवा ३२ म च्या आदेशाचा क्रमांक आणि तारीख असते. त्या क्रमांकावर तहसीलच्या अभिलेख कक्षात नक्कल मागा. ‘जुने कागद शोधून द्या’ असा अर्ज केलात तर तो टेबलावर पडून राहतो; गाव, गट नंबर, आदेश क्रमांक, वर्ष लिहिलंत तर कारकुनाला नेमका गठ्ठा काढावा लागतो. प्रमाणपत्राची नोंदणी झाली असेल तर दुय्यम निबंधकाकडेही प्रत मिळू शकते.

नक्कल हातात आल्यावर दुसरी गाठ दिसली. जुन्या जमीनमालकाच्या नावाने खरेदी किमतीचा बोजा अजून इतर हक्कात होता. ३२ म मिळालं याचा अर्थच किंमत फिटली, पण बोजा कमी करण्याची नोंद त्या वेळी कुणी घातली नाही. बोजा आणि शर्त यांसाठी एकाच अर्जात दोन्ही मागण्या करा. आधी एकीचा निकाल, मग दुसरीचा अर्ज, असं केलं की फेरफाराच्या हरकतीचे पंधरा दिवस दोनदा जातात. आमचे तसेच गेले, आणि त्याचा राग अजून आहे, कारण तो बोजा पहिल्याच तपासणीत दिसत होता.

विसरण्याआधी: वारस नोंद बाकी असेल तर ती या सगळ्याच्या आधी. मयत कुळाच्या नावाने चलन निघत नाही. आणि सातबाऱ्याचं क्षेत्र मोजणीच्या क्षेत्राशी जुळतंय का ते मोजणीच्या दिवशीच पाहा, कारण आकारणी क्षेत्रावर होते.

नजराण्याचं चलन भरल्यावर तहसीलदारांचा आदेश, त्यावरून फेरफार, मंडळ अधिकाऱ्याने तो प्रमाणित केला की सातबारा वर्ग १. आदेश मिळाला म्हणून धावत ४२ ब च्या टेबलावर जाऊन उपयोग नव्हता. तिथे आदेश नाही, बदललेला सातबारा बघायचे. आमची मूळ फाइल त्याच सातबाऱ्यावर एकदम पुढे सरकली आणि रूपांतर कराचं चलन निघालं. ती रक्कम मात्र दीडशे नव्हती.

चलनाच्या पावतीच्या साक्षांकित प्रती जास्त काढाव्या लागल्या. बांधकाम परवानगीला एक लागली, बँकेने मागितली, आणि तलाठ्याकडे बिनशेतीची नोंद घालताना पुन्हा एक लागली.