रिपोर्टच्या फोटोत न आलेली ओळ

ऑगस्टमध्ये आईला दोन दिवस ताप होता, म्हणून रक्त तपासले. लॅबने रिपोर्टचा फोटो मोबाइलवर पाठवला, तोही तिरका आणि खालची कड कापलेला. त्यात हिमोग्लोबिन १०.६ आणि प्लेटलेट्स ६८ हजार, दोन्हींपुढे ‘एल’, म्हणजे कमी. पांढऱ्या पेशी १२,४००, त्यांच्यापुढे ‘एच’, म्हणजे जास्त. असा रिपोर्ट मी पहिल्यांदाच वाचत होतो आणि प्लेटलेट्सचा आकडा पाहून माझ्या मनात डेंग्यूच आला.

हिमोग्लोबिन हे तांबड्या पेशींतले प्राणवायू वाहून नेणारे प्रथिन आहे. बाईमाणसाला ते साधारण बाराच्या वर हवे. आईच्या तांबड्या पेशींचा सरासरी आकारही लहान भरला होता, त्यामुळे डॉक्टरांनी लोहाच्या कमतरतेचा संशय घेऊन फेरिटिनची तपासणी लिहून दिली. तो प्रश्न तिथेच मार्गी लागला.

अडले ते प्लेटलेट्सपाशी. रक्तस्राव थांबवणाऱ्या या पेशी दीड ते साडेचार लाख असाव्यात. डॉक्टरांनी आईचे हातपाय आणि हिरड्या पाहिल्या. कुठे लाल ठिपके नव्हते, रक्त नव्हते. डेंग्यूत पांढऱ्या पेशी बहुधा घटतात, इथे तर त्या वाढल्या होत्या. “फोटोत तळाची टीप आलेली नाही, ती आणा,” असे त्यांनी सांगितले. त्या एका ओळीसाठी मी लॅबच्या काउंटरवर दीड तास उभा होतो आणि “आकडे तर सगळे दिसतात ना?” हे उत्तर मला तीनदा ऐकावे लागले. अखेर मिळालेल्या कागदावर लिहिले होते : प्लेटलेट्सचे पुंजके दिसतात, पुन्हा तपासावे.

जांभळ्या झाकणाच्या नळीत रक्त गोठू नये म्हणून ईडीटीए हे रसायन असते. काही जणांच्या प्लेटलेट्स त्यात एकमेकींना चिकटतात. यंत्र अशा पुंजक्यातल्या प्लेटलेट्स मोजत नाही, उलट मोठा पुंजका कधी कधी पांढरी पेशी म्हणून मोजते, आणि म्हणूनच एकाच चुकीने एक आकडा खाली, दुसरा वर जाऊ शकतो. दुसऱ्या दिवशी निळ्या झाकणाच्या, सायट्रेटच्या नळीत रक्त घेतले. त्या नळीत नऊ भाग रक्ताला एक भाग द्रव असतो, म्हणून मिळालेल्या आकड्याला १.१ ने गुणतात. प्लेटलेट्स १.७२ लाख आल्या, म्हणजे खऱ्या १.८९ लाख, त्याच हिशेबाने पांढऱ्या पेशी ९,२०० भरल्या, ज्या अकरा हजारांच्या आत, म्हणजे ठीक होत्या.

एक सांगायचे राहिले : एकक आधी पाहावे. काही लॅब १.८९ लाख लिहितात, काही हजारांत १८९. फोटोत दशांशचिन्ह पुसट असले की घोळ होतो. जांभळ्या नळीचा हा दोष आता मी आईच्या फाइलवर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवला आहे.