दाबा आणि थांबा

आज गावातील आरोग्य कार्यकर्त्यांच्या प्रशिक्षणात मी रचलेल्या प्रथमोपचाराच्या ओळी म्हणून घेतल्या आणि त्यांतील एक शब्द तिथल्या तिथे बदलावा लागला. मूळ ओळीत मी ‘गारेगार पाणी’ असे लिहिले होते. हातावर उकळता चहा सांडल्याचा प्रसंग करून दाखवताना एका ताईंनी अगदी सहजपणे बर्फ मागितला, तेव्हा चूक माझ्या शब्दाची आहे हे लक्षात आले. कारण बर्फाने त्या जागेचा रक्तपुरवठा कमी होतो आणि आधीच दुखावलेल्या त्वचेची इजा वाढते. नवी ओळ अशी झाली:

भाजल्यावर पाण्याची धार,
साधे पाणी, नको बर्फगार;
वीस मिनिटे मोजून घ्या,
अंगठी-बांगडी काढून द्या.

दागिने सूज येण्यापूर्वीच काढायचे, मात्र त्वचेला चिकटलेले काहीही ओढायचे नाही. नळ नसेल तर तांब्याने सावकाश पाणी ओतत राहावे, असे आम्ही घड्याळ लावून केले. २० मिनिटे किती लांब असतात, हे तेव्हाच सर्वांना जाणवले. लहान मुलाचे बाकीचे अंग मात्र पांघरुणात उबदार ठेवावे लागते.

जखमेसाठी दोनच ओळी पुरल्या:

कापले तर कापड दाबा,
दहा मिनिटे तसेच थांबा.

रक्त थांबले का, हे पाहण्यासाठी मध्येच कापड उचलले की धरू लागलेली गुठळी सुटते. कापड भिजले तर त्यावरच दुसरे ठेवून अधिक जोराने दाबायचे, आणि तरीही रक्त थांबले नाही तर दाब न सोडता रुग्णाला दवाखान्यात न्यायचे.