मीठ हवं होतं, हातात साखर आली

सोलापूरकराला उन्हाचं काय कौतुक, एप्रिल-मेत ४२-४३ डिग्रीत आपण वाढलोय. पण मला आडवं केलं ते २०२५ च्या जुलैने. एकवीस किलोमीटरची तयारी चालू होती, सकाळी सहाला विजापूर रोडला संभाजी तलावाकडे पळायचो, आभाळ भरलेलं, ऊन नाही, तरी टी-शर्ट पिळला की पाणी गळायचं. मेमधला घाम अंगावरच वाळतो आणि अंग गार करतो, पावसाळ्यातला वाळतच नाही, नुसता ठिबकतो, अंग गार होत नाही आणि शरीर आणखी घाम काढत बसतं.

ग्रुपमधल्या अण्णांचा एकच सल्ला, पाणी पी रे भरपूर. प्यायलो. घरी येऊन अर्ध्या तासात दोन-अडीच लिटर ढोसायचो, लघवी पाण्यासारखी साफ, तरी दुपारभर डोकं जड, मळमळ, आणि काळ्या टोपीवर मिठाचे पांढरे नकाशे. तेव्हा कुठं ट्यूब पेटली की जातंय ते मीठ, आणि मी भरतोय नुसतं पाणी.

मग मेडिकल. म्हटलं ओआरएस द्या. काउंटरवरच्या पोराने न बघता २०० मिलीचा खोका पुढं सरकवला, ऑरेंज फ्लेवर. दोन आठवडे मी तेच पीत होतो ओ! पळताना दोन खोके घेतले की पोटात डुचमळायचं, डोकं मात्र तसंच. एकदा बायकोने मागचं बारीक अक्षर वाचलं, साखर वीस ग्रॅमच्या वर आणि सोडियम नावापुरतं. डब्ल्यूएचओच्या फॉर्म्युल्यात एका लिटरला साखर असते साडेतेरा ग्रॅम, म्हणजे २०० मिलीत तीन ग्रॅमसुद्धा नाही, आणि सोडियम तेवढ्यात साधारण ३४५ मिलीग्रॅम. खोक्यातलं एवढं गोड पाणी पोटातून पुढं सरकायलाच वेळ लावतं.

खोका घेऊन परत गेलो, तर म्हणे "सगळे हेच नेतात". पावडर मागितली तर संपली, उद्या या. दुसऱ्या दिवशी मालक जेवायला गेलेले, वीस मिनिटं उभा, आणि पोरगं परत तोच खोका काढतंय! चौथ्या दिवशी मिळाली एकदाची, २०.५ ग्रॅमची पुडी, एका लिटरला एक. (अर्धी पुडी ग्लासात टाकून अंदाजाने करू नका, पूर्ण लिटरच करा.) पुढं ऑक्टोबर २०२५ मध्ये एफएसएसएआयने असल्या पेयांच्या नावात ओआरएस लिहायला बंदी केली, बातमी वाचून मी एकटाच हसलो. तरीपण मागची बाजू वाचाच.

हां, वजनाचं राहिलंच, ते खरं आधी करायचं. लघवी करून, कपडे काढून वजन, आणि आल्यावर घाम पुसून परत तसंच वजन. माझं निघताना ७१.४, सव्वा तासाने ६९.८, मध्ये अर्धा लिटर प्यायलेलो. म्हणजे १.६ अधिक ०.५, एकूण २.१ लिटर घाम, तासाला जवळपास पावणेदोन लिटर. घामात लिटरमागे सरासरी एक ग्रॅम सोडियम धरतात, माणसागणिक बराच फरक असतो, पण टोपी पांढरी होत असेल तर कमी धरू नका. दोन ग्रॅम सोडियम म्हणजे पाच ग्रॅम मीठ, चहाच्या सपाट चमच्याला थोडंसं कमी. मला आधी पटलंच नाही.

एवढं सगळं पळता पळता भरून निघत नाही, पोट घेतच नाही. माझ्या वजनाला दीड किलोच्या आत घट राहिली तरी चालतं. म्हणून आता लिटरभर पाण्यात पाव चमचा मीठ, चार चमचे साखर, अर्धं लिंबू, आणि दर पंधरा मिनिटांनी चार-पाच घोट, तासाला सहाशे मिलीपर्यंत. उरलेलं घरी दोन-तीन तासांत, जेवढं घटलं त्याच्या सव्वा ते दीडपट, पण खारट ताक, भाकरी आणि शेंगा चटणीबरोबर. पुडी फक्त फारच पिळून निघालो तरच. बीपी किंवा किडनीचा त्रास असेल तर हे मिठाचं डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नका.

आणि पळून आल्यावर वजन उलट वाढलेलं दिसलं तर पाणी जास्त झालंय, तिथंच थांबवा. त्यात उलटी, बरळणं सुरू झालं तर अजून पाणी न पाजता थेट दवाखाना. हे मी अण्णांना सांगितलं, त्यांना पटलं नाही, पण परवा त्यांच्या बाटलीत लिंबाची बी तरंगताना दिसली.