पोपटाची चोच

पैठणी विणणारे आप्पा गेले. त्यांच्यावरचा लेख उद्या दुपारपर्यंत द्यायचा आहे, आणि त्यातला सर्वांत चांगला किस्सा मुळात माझाच आहे हे मला आज रात्री कळले.

मुलाखती पुन्हा ऐकत बसलो होतो. पदरातल्या एका पोपटाची चोच बिघडली म्हणून आप्पांनी दीड महिन्याचे काम उसवले, असे पुतण्या सांगतो, शेजारच्या मागावरचे विणकर सांगतात आणि दुकानदारही सांगतो. तिघांकडून आलेली गोष्ट म्हणून मी ती निर्धास्तपणे लेखात घेतली होती. पण तिघेही "दीड महिना"च म्हणतात आणि तिघांच्याही तोंडी "चोच रुसली होती" हेच शब्द आहेत. आप्पांवर मी पूर्वी लिहिलेला लेख ज्यात होता, तो २०११ चा अंक माळ्यावरून काढला. चोच मीच रुसवली होती. टपरीवर कोणीतरी मला पंधरा दिवस सांगितले होते. दीड महिना मी केला, कारण तो वाचायला बरा वाटत होता.

खरे तर शंका तेव्हाच यायला हवी होती. पैठणीच्या पदरात प्रत्येक रंगाची निराळी कांडी हाताने फिरवून शेजारच्या रंगाच्या धाग्यात अडकवत जावे लागते. नक्षी ओळीओळीने विणकराच्या डोळ्यांसमोर उमटते आणि बिघडलेली चोच फार तर दुसऱ्या दिवशी दिसतेच. शिवाय उसवलेल्या जरीला वळ्या पडतात, ती पुन्हा पहिल्यासारखी बसत नाही. आप्पा चार बोटे उसवत असतील. दीड महिन्याची जर वाया घालवणे त्यांना परवडले असते का? तो लेख वाचून ते "छान लिहिलंय" एवढेच म्हणाले होते. त्या "छान"चा अर्थ आता कोणाला विचारू?

तासभर स्वतःची कीव करण्यात गेला. माणूस गेला आणि त्याच्याविषयी लोकांना माझे वाक्य आठवते, हा मान म्हणावा की शिक्षा, ते ठरेना.

मग काकूंची मुलाखत लावली. तिच्यात किस्सा नाही म्हणून ती मी बाजूला ठेवली होती. "अंग विणताना फणीची खटखट सलग यायची. थांबून थांबून एकेक ठोका आला की मी समजायची, पदर लागला. आन् ठोकाच नाही आला तर चहा टाकायची नाही; उसवायला बसलेत." यावर ध्वनिफितीत माझाच उतावीळ आवाज येतो: "काकू, ते पोपटाचं सांगा ना." क्षणभर शांतता. मग काकू म्हणतात, "ते तुम्हालाच ठाऊक."

त्या वेळी मी हसलो होतो. आज दोनदा ऐकले आणि पुन्हा हसलो, जरा वेगळे.

पोपट काढून टाकला आहे. लेख दीडशे शब्दांनी आखूड झाला. संपादक आप्पांचा फोटो मोठा लावतील. आप्पांच्या मागाचे काय झाले, ते मी याही वेळी विचारले नव्हते. सकाळी लवकर काकूंकडे जाऊन येतो, वही घेऊन, आणि आधी त्यांना बोलू देतो.