दोन शब्दांमधला पंखा

मुलाखत फोनवर शूट केलेली, जेमतेम अकरा मिनिटांची. बाई छान बोलत होत्या, पण विचार करायला थांबल्या की मागचा पंखा हूऽऽ करत वर यायचा आणि त्या बोलायला लागल्या की गुमान खाली बसायचा. सोबत निरोप होता, "पंखा तेवढा काढा."

सवयीने मी एका लांब विरामातली घरघर नमुना म्हणून दिली आणि ऑडॅसिटी या ध्वनिसंपादन सॉफ्टवेअरचं नॉइज रिडक्शन चालवलं. पंखा गेला, पण बाई पाण्याखालून बोलायला लागल्या.

मग तो विराम मोठा करून पाहिला. वाक्य संपताच पंखा उणे ५२ डेसिबलवर होता, दोन सेकंदांनी उणे ३८ वर. पंखा तसाच फिरत होता. शांतता झाली म्हणून फोनच गेन, म्हणजे माइकचा आवाज, आपोआप वाढवत होता. म्हणजे मी नमुना दिला तो १४ डेसिबलने, साधारण पाचपट फुगलेल्या पंख्याचा. शब्दांखालचा पंखा बराच बारीक होता, त्यामुळे काटछाट बाईंच्या आवाजाची झाली.

सगळं अनडू केलं. आधी फुगवटा बसवायचा, पंखा नंतर काढायचा. एन्व्हलप टूलमध्ये रेघ वरखाली ओढून आवाज कमीजास्त करता येतो; त्याने प्रत्येक विरामात फोनच्या उलट उतार काढला: वाक्याच्या शेवटी शून्य, तिथून हळूहळू उणे १४ पर्यंत. खरी गोची पुढच्या शब्दाशी होती. गेन चढलेला असतानाच पहिलं अक्षर येतं आणि फोन तो चटकन खाली ओढतो. मी आधी शब्दाच्या किंचित अलीकडेच रेघ वर आणली, तर "पण" मधला "प" फटाक्यासारखा वाजला. शब्द सुरू झाल्यावर, सेकंदाच्या दहाव्या भागात, फोनच्या वेगानेच रेघ वर न्यायला हवी होती. असे चाळीसेक विराम. कंटाळवाणं काम, पण दुसरा जवळचा रस्ता मला माहीत नाही. विराम पूर्ण मुके करणं सोपं होतं. पण मग प्रत्येक शब्दाबरोबर पंखा चालू-बंद झाल्यासारखा वाटतो, ते मूळ दुखण्यापेक्षा वाईट.

आता पंखा सगळीकडे सारखा. नवा नमुना वाक्य संपल्यावर, खोलीचा घुमारा विरला पण गेन अजून चढलेला नाही, अशा पाव सेकंदातून घेतला. रिडक्शन ९ डेसिबल. पंखा राहिला, पण एका जागी बसून राहिला, आणि बाई बाईंसारख्या बोलत होत्या.

पुढच्या मुलाखतीआधी त्यांना ओपन कॅमेरा ॲप घ्यायला सांगितलं, Audio source मध्ये Unprocessed निवडून, म्हणजे फोन गेन आपणहून बदलणार नाही. काही फोन हे जुमानत नाहीत, म्हणून आधी चाचणी मागवली: दहा सेकंद बोला, दहा सेकंद गप्प बसा. फाइल आली. गप्प बसलेल्या दहा सेकंदांत पंख्याची रेघ सपाट होती.